वीसवरून पन्नास, चार्जिंगशिवाय

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आईचे इअरबड घालून मी फिरायला निघालो. माझे स्वतःचे घरीच विसरले असते तरी चाललं असतं, पण चार्ज करायला विसरलो होतो. अर्ध्या वाटेवर उजव्या कानात तीनदा टुकटुक झालं आणि तो बड मेला. फोन काढून बघितला. मिनिटभरापूर्वी तिथे बॅटरी वीस टक्के दिसत होती, आता पन्नास. चार्जिंगला न लावता, खिशातल्या खिशात तीस टक्के वाढले होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तो उजवा कायमच आधी जातो. डाव्याला काही होत नाही." डाव्याला का काही होत नाही, हे तिलाच विचारल्यावर कळलं. दुपारी स्वयंपाक करताना ती कीर्तन ऐकते, पण फक्त उजव्या कानात. डावा कान कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल ऐकायला मोकळा. डावा बड डबीतच असतो. दोन वर्षं हेच चाललं आहे. माझ्या त्या संध्याकाळच्या कोड्याचं अर्ध उत्तर या सवयीतच होतं. उरलेलं अर्ध फोनवरच्या आकड्यात.

दोन्ही बड एकाच साच्यातले जुळे दिसतात, पण काम करताना ते क्वचितच बरोबरीचे असतात. आपल्या फोनांत वर्षानुवर्षं वापरात असलेलं ब्लूटूथ गाणं पाठवतं ते एकाच यंत्राला. त्याला दोन कान ठाऊक नाहीत. हेडफोनच्या दोन बाजू वायरने जोडलेल्या होत्या तोवर याचं काही बिघडत नव्हतं. वायर गेल्यावर कंपन्यांनी जुगाड काढला : एका बडने फोनशी बोलायचं, गाणं स्वतः घ्यायचं आणि दुसऱ्या कानाचा वाटा त्याला पुढे पाठवायचा. पहिल्याला मुख्य म्हणू, दुसऱ्याला जोडीदार. मुख्य बड एकाच वेळी ऐकतो आणि प्रक्षेपणही करतो, म्हणून त्याची बॅटरी लवकर संपते. शिवाय दोघांच्या मध्ये आपलं डोकं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याच गटातल्या, आणि पाणी त्या शोषून घेतं. डोक्यात पाणी भरपूर. त्यामुळे या कानाकडून त्या कानाकडे जाणारा संदेश सरळ न जाता डोक्याला वळसा घालून किंवा भिंतींवर आपटून पोचतो. मोकळ्या मैदानात आपटायला भिंतीच नसतात, म्हणून तिथे एका कानातला आवाज तुटतो आणि घरात शिरलं की सुरळीत होतो.

पुढे यापेक्षा बरी युक्ती आली. मुख्य बड जोडीदाराला फोनच्या जोडणीची किल्ली आणि वेळापत्रक देतो आणि जोडीदार फोनचं बोलणं चोरून ऐकतो. पुढे पाठवायची गरज उरत नाही. पण प्रत्येक तुकडा नीट मिळाला की नाही याची पोच फोनला द्यावी लागते, ती देतो मुख्य बडच. जोडीदाराकडून एखादा तुकडा निसटला तर तो पुरवायचाही मुख्यानेच. फरक कमी झाला, पण संपला नाही. चांगल्या जोड्या मधूनमधून भूमिका बदलतात : एकाची बॅटरी उतरली की मुख्यपद दुसऱ्याकडे. स्वस्त जोड्यांमध्ये डबीतून जो आधी बाहेर येतो तो मुख्य, आणि मग तो डबीत परत जाईपर्यंत किंवा मरेपर्यंत मुख्यच. आपण उजव्या हाताचे असलो तर आधी कुठला बड उचलतो, हे एकदा स्वतःलाच पाहा.

फोन आला की विषमता आणखी वाढते. बोलताना बहुतेक जोड्या एकाच बडचा माइक वापरतात आणि त्या बडला आपला आवाज सतत फोनकडे पाठवत राहावं लागतं. ऐकण्यापेक्षा बोलायला जास्त वीज लागते, हे कंपन्या स्वतःच खोक्यावर छापतात. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या एअरपॉड्स प्रोचा दावा एका चार्जमध्ये गाणी साडेचार तास आणि बोलणं साडेतीन तास असा होता. त्याच कंपनीच्या फोनमध्ये माइक कायम डावा, कायम उजवा की आपोआप, हे निवडायची सोय आहे. कुणी कधीतरी तिथे 'कायम उजवा' करून ठेवलं असेल, तर उजवा आधी संपणं हा दोष नाही, हिशेब आहे.

आता माझी आई. ती एकच बड वापरते, म्हणजे तो मुख्यही आणि माइकवालाही. बहिणीचा फोन आला तरी कान तोच. पण हा झाला रोजचा खर्च. एक दिवस जास्त खर्च केला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही पूर्ण चार्ज झाल्यावर, उजव्याने आधी का मरावं? त्याचं कारण बॅटरीचं वय. बडमधली लिथियम बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी असते. तिची क्षमता साधारण तीस ते साठ मिलीअँपिअर-तास. आपल्या फोनची पाच हजार असते, म्हणजे शंभरपट. एवढी छोटी बॅटरी रोज तळापर्यंत जाते आणि रोज भरते. अशा बॅटऱ्या तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकाम्या झाल्या की त्यांची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. आईच्या उजव्या बडने दोन वर्षांत सातशेच्या घरात फेऱ्या केल्या असतील. डाव्याने क्वचित, मी मागून नेला तेव्हाच.

आणि तरीही रोज सकाळी दोन्ही शंभर टक्के. इथेच टक्केवारी फसवते.

आजोळी माजघरात एक मातीचा रांजण होता. वर अरुंद गळा, मध्ये मोठं पोट, खाली परत निमुळता. समजा, त्यात किती पाणी उरलंय हे न उघडता कळायला हवं आहे. एक पद्धत म्हणजे काठी बुडवायची आणि ओली किती झाली ते बघायचं. दुसरी, सकाळपासून किती तांबे काढले ते मोजत राहायचं. बॅटरी मोजायच्याही मुख्यतः याच दोन पद्धती आहेत. काठी म्हणजे व्होल्टेज. तांबे म्हणजे बॅटरीतून किती वीज बाहेर गेली याची सततची मोजणी.

बडमध्ये जागा इतकी कमी आणि प्रत्येक मिलीअँपिअर इतका मोलाचा, की अनेक जोड्यांमध्ये, विशेषतः स्वस्त, फक्त काठीच असते. आणि रांजणात काठी कशी फसते, ते उघड आहे. गळ्यापाशी चार तांबे काढले की पातळी झरकन उतरते. पोटात चाळीस काढले तरी काठीवर फरक दिसत नाही. लिथियम बॅटरी भरलेली असते तेव्हा साधारण ४.२ व्होल्ट. तिथून ती चार व्होल्टपर्यंत पटकन येते. मग ३.८ च्या आसपास लोळत राहते. तीस ते पन्नास टक्के या टप्प्यात एका टक्क्याला जेमतेम तीन मिलीव्होल्टचा फरक पडतो. आणि शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत ती कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. मधल्या सपाटीवर पन्नास टक्के आणि चाळीस टक्के यांत फरक करायचा म्हणजे काठीवरच्या केसाएवढ्या रेघा वाचणं.

त्यात पाणी हलत असतं. बॅटरीतून वीज काढत असताना तिचं व्होल्टेज थोडं दबतं, काढायची थांबली की वर येतं. किती दबेल हे बॅटरीच्या अंतर्गत रोधावर ठरतं आणि वय वाढलं की रोध वाढतो. हिशेबासाठी सोपे आकडे धरू. गाणं ऐकताना बड आठ मिलीअँपिअर घेतो आणि नव्या बॅटरीचा रोध अर्धा ओहम आहे. गुणाकार केला की दाब चार मिलीव्होल्टचा, म्हणजे टक्का-दीड टक्क्याची चूक. तीच बॅटरी जुनी होऊन रोध दीड ओहम झाला आणि आपण फोनवर बोलताना पंधरा मिलीअँपिअर घेऊ लागलो, तर दाब बावीस मिलीव्होल्ट. सपाटीवर ही चूक सात टक्क्यांची झाली. म्हणून बोलताना बॅटरी धाडकन उतरलेली दिसते आणि अर्धा तास बड बाजूला ठेवला की 'सुधारते'. थंडीतही रोध वाढतो. महाबळेश्वरला पहाटे फिरताना बड लवकर मान टाकतात, आणि खोलीत आल्यावर त्यांच्यात थोडा जीव उरलेला सापडतो, ते याचमुळे. हे असे वर-खाली होणारे आकडे बघून गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून बडच्या आतलं सॉफ्टवेअर आकडा गुळगुळीत करतं, आणि चार्जिंग चालू नसेल तर सहसा वर जाऊ देत नाही. म्हणजे अंदाजावर आणखी एक हात फिरतो.

महागड्या जोड्यांमध्ये तांबे मोजायचीही सोय असते. ती जास्त भरवशाची, पण प्रत्येक तांब्यामागे थोडी चूक साचत जाते. शिवाय रांजणात मुळात किती मावतं हे माहीत असावं लागतं. जुन्या रांजणाच्या तळाशी गाळ बसतो. पाणी काठोकाठ भरलेलं दिसतं, काठी पूर्ण ओली होते, पण पाणी आधीपेक्षा कमी. शंभर टक्के म्हणजे 'आज जेवढं मावतं तेवढं भरलं', 'नवीन असताना मावायचं तेवढं भरलं' असं नव्हे. चाळीसच्या बॅटरीत आता अठ्ठावीसच मावत असेल, तर आठ मिलीअँपिअरने ती साडेतीन तासांत संपणार, आणि धडधाकट चाळीसची पाच तासांत. सुरुवातीला दोघांवर शंभरच लिहिलेलं असेल.

इतका वेळ आकडा बडच्या आतच होता. तिथून तो फोनवर यायचा आहे आणि या प्रवासात त्याचा चुरा होतो. फोनला ब्लूटूथवरून बॅटरी कळवायची एक जुनी रीत अजून पुष्कळ जोड्या वापरतात. मुळात ती अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी ठरवली, नंतर अँड्रॉइडनेही ती समजून घेतली. बड फोनला एक ओळ पाठवतो :

```
AT+IPHONEACCEV=1,1,6
```

यातला पहिला एक म्हणजे 'एकच गोष्ट सांगतोय', दुसरा एक म्हणजे 'ती बॅटरीबद्दल आहे' आणि सहा म्हणजे पातळी. ही पातळी शून्य ते नऊ अशी दहाच पायऱ्यांची असते. अँड्रॉइड त्यात एक मिळवतं, दहाने गुणतं आणि सत्तर टक्के दाखवतं. एकसष्ट असो की एकोणसत्तर, दिसणार सत्तरच. फोनवर कायम दहाच्या पटीतले आकडे दिसत असतील तर तुमची जोडी ही भाषा बोलते असं समजायला हरकत नाही. नव्या पद्धतींमध्ये शून्य ते शंभर असा पूर्ण आकडा जातो. गूगलच्या फास्ट पेअरमध्ये तर डावा, उजवा आणि डबी असे तीन वेगळे आकडे जातात आणि त्यांत 'माहीत नाही' यासाठीही एक राखीव आकडा आहे. ही नम्रता मला फार आवडली. पण पूर्ण आकडा पाठवला म्हणून मोजमाप सुधारत नाही. त्र्याहत्तर टक्के दिसले तरी त्यामागे तीच काठी असू शकते.

जुन्या रीतीतली सगळ्यात मोठी अडचण मात्र पायऱ्यांची नाही. तिथे आकडा एकच आहे आणि बड दोन. मग कुणाचा पाठवायचा? कुठली कंपनी मुख्य बडचा पाठवते, कुठली दोघांत कमी असेल त्याचा. आईच्या जोडीत कमी असलेल्याचा आकडा जातो. उजवा मरेपर्यंत फोन त्याचे वीस टक्के दाखवत होता. तो मेला, जोडणीतून बाहेर पडला, आणि जिवंत उरलेल्या डाव्याचे पन्नास टक्के समोर आले. वाढलं काहीच नव्हतं, बोलणारा बदलला होता. डबीच्या आकड्याचीही अशीच गत. डबीत सहसा रेडिओ नसतो. तिचा आकडा आत बसलेला बड चार्जिंगच्या ठिपक्यांवरून घेतो आणि फोनला सांगतो. दोन्ही बड कानात असतील तर डबीचा आकडा एक तर गायब, नाही तर मघाचा शिळा.

एवढं कळल्यावर फोनकडे न बघता घड्याळ लावून मोजायचं ठरवलं. आईची परवानगी एका सुटीपुरती मिळाली होती, ती दोन दिवसांवर नेली. आधी दोन्ही बडांचे आणि डबीतले सोनेरी ठिपके तपासले. मळ, कानातला मेण आणि घाम यांचा थर तिथे बसला की बड रात्रभर डबीत असूनही भरत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपण डबीत आहोत हेच त्याला कळत नाही, तो फोनला चिकटून जागाच राहतो आणि सकाळी रिकामा सापडतो. कोरड्या मऊ कापडाने पुसले, एका हट्टी डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं किंचित बोट लावलेला कापूस फिरवला. सुई किंवा पाणी वापरू नका. पुसल्यावरही फरक तसाच राहिला, म्हणजे दोष ठिपक्यांचा नव्हता.

पहिल्या दिवशी दोन्ही पूर्ण भरून, उजवा आधी बाहेर काढून, म्हणजे त्याला मुख्य करून, निम्म्या आवाजावर आकाशवाणी लावून दिली. या जोडीत कानात आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर नाही, म्हणून टेबलावर ठेवूनच काम भागलं. तुमच्या जोडीत असेल तर तो आधी बंद करा, नाही तर आवाज थांबेल आणि मोजणी वाया जाईल. उजवा दोन तास पस्तीस मिनिटं टिकला, डावा चार तास वीस. दुसऱ्या दिवशी सगळं तेच, फक्त डावा आधी काढला. उजवा दोन पन्नास, डावा चार पाच. म्हणजे मुख्यपद ज्याच्याकडे, त्याची पंधरा मिनिटं गेली. भूमिकेचा खर्च तेवढाच. मुख्यपद बदललं तरी सव्वा तासाचा फरक उजव्याच्याच वाट्याला राहिला, आणि तो खर्चाचा नव्हता, गाळाचा होता. दोन दिवसांची सरासरी काढली तर उजव्यात डाव्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडं कमी मावतं.

एकाच दिवसाच्या मोजणीवर मी उजवा बड भंगारात काढला असता, किंवा मुख्यपदावर खापर फोडून गप्प बसलो असतो. दोन्ही चूक झालं असतं. भूमिका बदलल्यावर आधी मरणारा बडही बदलला, तर जोडी निरोगी आहे. न बदलता एकच बाजू मागे पडत असेल आणि ठिपके स्वच्छ असतील, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. घेतल्यापासून महिन्याभरातच असं दिसलं तर ती मुळातच कमी क्षमतेची आली, आणि वॉरंटी असताना बदलून घ्यायला हवी. दुकानदाराला टक्के सांगू नका, तास-मिनिटं लिहून न्या. टक्क्यांवर तो वाद घालू शकतो. तास-मिनिटांवर त्याला ते घालणं अवघड जातं.

हा सगळा खटाटोप ज्या जुगाडामुळे होतो, तो आता मागे पडू लागला आहे. ब्लूटूथची एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात फोन दोन्ही बडांना दोन वेगळे प्रवाह एकाच तालात पाठवतो, त्यामुळे कुणी मुख्य आणि कुणी जोडीदार असं राहत नाही. फोन आणि बड दोघांनाही ती यायला हवी, एकट्याने येऊन उपयोग नाही. बॅटरी म्हातारी होण्यावर मात्र तिच्याकडे उपाय नाही. बडची बॅटरी चिकटवून बंद केलेली असते आणि ती काढताना बहुधा कवच फुटतं. बदलता येईल अशी बॅटरी असलेले बड फेअरफोनने २०२४ मध्ये आणले, पण ते अपवाद. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्यालाच बदलता याव्यात असा कायदा केला आहे. त्याचा परिणाम आपल्याकडच्या दुकानांत दिसेल तेव्हा दिसेल.

तोवर आईने कालनिर्णयवर उपाय काढला आहे : विषम तारखेला उजवा, सम तारखेला डावा. कुकरकडे आता रोज वेगळा कान असतो. याने उजव्याचा गेलेला वेळ परत येणार नाही. पुढची झीज मात्र आता दोघांत वाटली जाईल.